शाळा 23 जूनला, बिलं मे महिन्यात: इतवारीच्या शेठकडून मुदत वाढवून घेताना

नागपुरात मानेवाड्याला माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. वह्या, लाँगबुक, कंपास, दप्तरं, कव्हरचे रोल, शाळेला लागेल ते सगळं. 2017 पासून मी इतवारीतल्या एकाच ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलते आहे. त्यांची उधारी सुरुवातीपासून 30 दिवसांची. 2025 मध्ये पहिल्यांदा मी ती सीझनपुरती वाढवून मागितली आणि मिळाली. 21 जुलैचा शेवटचा चेक वटला, तेव्हाच ठरवलं की हे सगळं तारखांसकट लिहून ठेवायचं. मी जानेवारीत विचारपूस करत होते तेव्हा जो तो एवढंच सांगत होता, "शेठशी बोलून बघा." काय बोलायचं, काय घेऊन जायचं, हे कोणी सांगत नव्हतं.

आधी अडचण सांगते, कारण ती आपल्या विदर्भाचीच आहे. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रानंतर उघडतात. 2024 ला 1 जुलैला उघडल्या, 2025 ला 23 जूनला. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये थोडे दिवस भरतात, तेवढी थोडी विक्री होते, पण खरा गल्ला शाळा उघडल्यावरच. माल मात्र एप्रिल-मेमध्येच उचलावा लागतो. जूनमध्ये गेलं की चांगल्या वह्यांचे गठ्ठे संपलेले असतात आणि उरलेल्याला भाव चढलेला असतो. म्हणजे एप्रिलअखेर उचललेल्या मालाचं बिल मेअखेर भरायचं आणि त्या मालातली पहिली वही विकली जाणार जूनअखेर.

2024 च्या जूनमध्ये माझी दोन बिलं थकली, एक 17 दिवस, दुसरं 12 दिवस. मी शेठना फोन केला नाही. दिवाणजींचा फोन आला की "दोन दिवसांत टाकते" म्हणायची. शेवटी त्यांनी माल थांबवला, आठ दिवस, आणि तेही नेमके शाळा उघडल्याचे आठ दिवस. गिऱ्हाईक दारात उभं आणि दुरेघी वही नाही. शेवटी बांगड्या ठेवून सोनेतारण कर्ज काढलं आणि बाकी चुकती केली. त्या आठवड्यात दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात गेली, ती अजून परत आलेली नाहीत. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे दिवाळीतच मनाशी पक्कं केलं होतं.

बँकेचा विचार केला होता. मुद्रा योजनेतलं किशोर कर्ज मिळालं असतं कदाचित, पण त्याचे हप्ते वर्ष-दोन वर्षं भरायचे. मला पैसे हवे होते दोन महिन्यांसाठी, दरवर्षी त्याच दोन महिन्यांसाठी. त्याला व्यापाऱ्याची उधारीच बरोबर बसते.

जानेवारी-फेब्रुवारी: बिलं शोधणं

5 जानेवारीला बसले. पहिलं काम, गेल्या दोन वर्षांची सगळी बिलं एका वहीत तारखेने उतरवणं. फाइलमध्ये सहा बिलं कमी निघाली. माझी जीएसटी नोंदणी आहे, दोन शाळांना बिल देऊन माल पुरवते म्हणून घ्यावी लागली होती. तिचा इथे उपयोग झाला. gst.gov.in वर लॉगिन करून रिटर्न डॅशबोर्डमध्ये दर महिन्याचं GSTR-2B उघडलं की आपल्याला माल देणाऱ्यांनी दाखवलेली बिलं क्रमांक, तारीख आणि रकमेसह दिसतात. हरवलेली सहाही बिलं तिथे सापडली. त्यात बिलं दिसतात, आपण पैसे कधी दिले ते दिसत नाही. त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट काढून दर बिलासमोर पैसे गेल्याची तारीख लिहावी लागली. रोज रात्री दुकान बंद केल्यावर तासभर, असे बारा-तेरा दिवस गेले.

मग फेब्रुवारीत दिवाणजींकडून आमच्या खात्याचा उतारा मागितला. टॅलीमधून निघतो, त्यांना पाच मिनिटं लागतात, पण ते मनावर घेईपर्यंत मला तीन फेऱ्या पडल्या. उतारा आणि माझी वही जुळवली तर 6,340 रुपयांचा फरक. त्यातले 2,140 एका परत केलेल्या मालाचे होते. भिजलेल्या वह्यांचा गठ्ठा मी परत दिला होता आणि त्याची जमा-चिठ्ठी खात्यात चढलीच नव्हती. उरलेले 4,200 माझे गेलेले पैसे होते, आमच्यासारखंच नाव असलेल्या दुसऱ्या एका दुकानाच्या खात्यात जमा झालेले. दिवाणजींनी दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या, कुरकुर न करता. हे मी मुदत मागायला जाऊन, शेठसमोर बसून काढलं असतं तर भांडण वाटलं असतं. आधी निस्तरलं म्हणून पुढचं बोलणं एकाच आकड्यावर झालं.

आणखी एक बारीक गोष्ट इथे कळली. मी चेक दिल्याची तारीख धरत होते, त्यांच्या खात्यात चेक वटल्याची तारीख. त्यामुळे माझ्या हिशोबाने वेळेवर दिलेली काही बिलं त्यांच्या हिशोबाने दोन-तीन दिवस उशिराची होती. मी त्यांचीच तारीख धरली. मागणारी मी होते, तेव्हा मोजमाप त्यांचं.

सगळं मांडल्यावर चित्र असं निघालं. 2023-24 मध्ये 12 बिलं, 6,10,000 रुपयांची. 2024-25 मध्ये फेब्रुवारीपर्यंत 14 बिलं, 7,42,000 रुपयांची. या 26 पैकी 21 वेळेत, तीन बिलांना एक ते चार दिवस उशीर, आणि दोन बिलं ती, जूनमधली. ती वही मी बराच वेळ बघत बसले. वर्षभर मी बरी देणेकरी होते, फक्त एका महिन्यात नव्हते. तो महिना दरवर्षी त्याच जागी येतो.

24 मार्च: चुकीची वेळ, चुकीची मागणी

तरीही पहिली फेरी वाया गेली. 24 मार्चला सोमवारी सकाळी साडेअकराला गेले. शहीद चौकाच्या अलीकडे गाडी लावायला वीस मिनिटं लागली. गादीवर शेठ, समोर तीन दुकानदार, एक कंपनीचा माणूस, वर हमालांची ये-जा. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "शेठ, सीझनला 30 चे 60 दिवस करून द्या."

शेठ म्हणाले, "ताई, मार्चएंड सुरू आहे नं. मीच वसुलीच्या मागं फिरून राहिलो, अन् तुम्ही मुदत वाढवून मागून राहिल्या."

बाकीचे तिघे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली आणि दोन रजिस्टर घेऊन परत आले. घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं. रात्री शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या तिघांसमोर शेठ हो म्हणूच शकत नव्हते. मला 60 दिवस दिले असते, तर चहा संपायच्या आत त्या तिघांनीही मागितले असते. आणि मार्चअखेर प्रत्येक व्यापारी येणं गोळा करण्यात असतो, तेव्हा नवं देणं कोण कबूल करेल?

दुसरी चूक माझ्या मागणीतच होती, आणि ती जास्त महत्त्वाची. कॅलेंडर घेऊन बसले. माझ्या तीन खेपा ठरलेल्या: 26 एप्रिल, 13 मे आणि 28 मे. जुन्या 30 दिवसांनी त्यांची बिलं 26 मे, 12 जून आणि 27 जूनला येतात. पहिली दोन शाळा उघडायच्या आत. 60 दिवस मिळाले असते तरी पहिलं बिल 25 जूनला आलं असतं, म्हणजे शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी. मी मागत होते तेच मिळालं असतं तरी पुन्हा अडकले असते! मला दिवस वाढवून नको होते. मला तारखा हव्या होत्या, शाळा उघडल्यानंतरच्या.

कागद तयार करणं

पाडवा 30 मार्चला होता, 6 एप्रिलला रामनवमी. या दिवसांत बाजाराचं लक्ष नसतं, म्हणून तेवढ्यात मी कागद तयार केला. माझा भाचा अकाउंट्सचं काम करतो, तो दोन संध्याकाळी येऊन बसला.

फेडीच्या तारखा ठरवताना गेल्या वर्षीचा रोजचा गल्ला काढला. लोकांना वाटतं शाळा उघडली त्याच आठवड्यात सगळी विक्री होते. माझ्या वहीत तसं नव्हतं. पहिल्या आठवड्यात पालक दोन-चार वह्या नेतात, कारण शाळेने यादी दिलेली नसते. याद्या हातात पडल्या आणि महिन्याचा पगार झाला की दुसरा आणि तिसरा आठवडा भरतो. म्हणून पहिला हप्ता लहान ठेवला. 30 जून, 7 जुलै, 14 जुलै आणि 21 जुलै, चार सोमवार.

पण नुसतं "जुलैत देते" म्हटलं की शेठला तीन महिने वाटणार. तेव्हा भाच्याने सुचवलं, की प्रत्येक खेपेला चौथा हिस्सा रोख द्यायचा. साधारण 2,90,000 च्या मालावर ते होतात 73,000 च्या आसपास. तेवढी सोय होती माझ्याकडे. एप्रिलची सीबीएसईची विक्री आणि मेमध्ये उचलायची 50,000 ची भिशी.

मग त्याने एक हिशोब करून दाखवला, तो मला फार आवडला. बाकी राहिलेली प्रत्येक रक्कम किती दिवस अडकते ते मोजायचं, रकमेनुसार सरासरी काढायची. उधारीच्या तीन हिश्श्यांचे पैसे सरासरी 60 दिवसांनी परत जात होते. पण चौथा हिस्सा पहिल्याच दिवशी मिळतो. तो धरला तर पूर्ण बिलावर सरासरी येते 45 दिवसांची. म्हणजे शेठचा माझ्यात अडकणारा पैसा आधीच्या 30 ऐवजी 45 दिवस अडकणार. फक्त पंधरा दिवस जास्त. बँकेचं व्याज वर्षाला 12 टक्के धरलं, तर 2,92,000 वर पंधरा दिवसांचं व्याज 1,440 रुपये होतं. शेठला माझ्या मागणीची किंमत एवढीच पडणार होती. सोनेतारणाच्या व्याजात मी गेल्या वर्षी याहून जास्त घालवले होते.

पत्र एका पानाचं ठेवलं. मजकूर असा होता:

> आपल्या पेढीकडून मी 2017 पासून माल घेत आहे. 2023-24 मध्ये 6,10,000 आणि 2024-25 मध्ये फेब्रुवारीअखेर 7,42,000 रुपयांची खरेदी झाली. 26 पैकी 21 बिलं मुदतीत, तीन बिलं त्यानंतर चार दिवसांच्या आत आणि दोन (जून 2024) अनुक्रमे 17 व 12 दिवस उशिरा चुकती केली. त्या दोन बिलांच्या वेळी मी आगाऊ कळवलं नाही, ही माझी चूक होती.
>
> यंदा 26 एप्रिल ते 28 मे या काळातल्या तीन खेपांपुरती विनंती आहे. प्रत्येक बिलाचे 25 टक्के माल उचलताना देईन. उरलेली बाकी कधीही 2,25,000 च्या वर जाणार नाही. ती 30 जून, 7, 14 आणि 21 जुलै या तारखांच्या चार चेकने चुकती करीन. एकही हप्ता चुकला तर पुढचा माल रोखीने घेईन. 22 जुलैपासूनची बिलं नेहमीप्रमाणे 30 दिवसांची राहतील.

सोबत दोन वर्षांच्या बिलांची यादी, त्यांच्याच उताऱ्यावरून. छपाई आणि झेरॉक्सला 46 रुपये लागले.

ती दोन उशिराची बिलं लिहायची की नाही यावर घरात वाद झाला. यांचं म्हणणं, आपणच कशाला उकरायचं. मी लिहिली, कारण ती शेठच्या उताऱ्यात आहेतच. आपण लपवलं तर त्यांचं बोट पहिलं तिथेच जाणार. आणि खरं म्हणजे माझी सगळी बाजू त्या दोन बिलांवरच उभी होती. उशीर झाला तो जूनमध्येच झाला, हेच तर मला दाखवायचं होतं.

9 ते 19 एप्रिल: वाट बघणं

9 एप्रिलला पाकीट दिवाणजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, "शेठना फुरसतीत वाचायला द्या, मी घाई करत नाही. दुपारची एखादी वेळ सांगा." 10 ला महावीर जयंती, दुकानं बंद. 14 ला आंबेडकर जयंती. पाच-सहा दिवस फोन नाही. या दिवसांत जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या ठोक दुकानात जाऊन भाव विचारून आले. भाव जवळपास तेच, पण नव्या माणसाला ते पहिलं वर्षभर रोखीशिवाय माल देत नाहीत. आठ वर्षांच्या खात्याला काय किंमत असते ते तिथे कळलं.

15 ला दिवाणजींचा फोन आला, "उद्या साडेतीनला या." एप्रिलच्या दुपारी साडेतीनला इतवारीत कोणी नसतं. गादीवर शेठ एकटे होते, पत्र समोर, त्यावर पेन्सिलीने खुणा.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो मला अपेक्षित नव्हता. "ताई, ह्या दोन शाळा तुम्हाला कधी पैसे देतात?"

मी खरं ते सांगितलं, बिलानंतर दीड-दोन महिन्यांनी. ते म्हणाले, "मग जुलैत तुमचा पैसा शाळेत अडकणार, अन् माझा चेक कोण भरणार?" मी दाखवलं की फेडीच्या हिशोबात शाळांचे पैसे धरलेच नाहीत, फक्त काउंटरवरचा गल्ला धरला आहे, तोही गेल्या वर्षीच्या तीन-चतुर्थांश. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायला हवं होतं.

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली, आणि तेव्हा मला त्यांची बाजू पहिल्यांदा नीट दिसली. वह्यांचे कारखाने लघुउद्योगात नोंदलेले असतात. त्यांचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. इन्कम टॅक्सच्या 43बी(एच) कलमामुळे, मुदत उलटलेली बाकी मार्चअखेर उरली तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, दिला त्या वर्षी मिळतो. "तेव्हापासून कारखानेवाले मले थांबत नाहीत. तुमचे पैसे येवो न येवो, माझे 45 व्या दिवशी जातात. मधल्या दिवसांचं व्याज मी भरतो बाप्पा."

माझ्या मनात होतं की हेच कलम मलाही लागेल का. टॅक्सच्या कामासाठी ज्यांच्याकडे जाते त्या सरांना आधीच विचारलं होतं. शेठ स्वतः माल बनवत नाहीत, ते व्यापारी आहेत, आणि व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी फक्त बँक कर्जाच्या प्राधान्यासाठी धरली जाते. त्यामुळे माझ्या आणि त्यांच्या व्यवहाराला 45 दिवसांचं बंधन नाही. जीएसटीचं एक बंधन आहे, बिलापासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, पण जुलै त्याच्या खूप आत येतो.

मी 45 दिवसांच्या सरासरीचा कागद पुढे केला. शेठनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः पडताळला. त्यांना दहा मिनिटं लागली. मी बोलले नाही.

"म्हणजे चौदाशे-साडेचौदाशेचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "सीझनची एक टक्का स्कीम या बिलांवर देत नाही मग."

एक टक्का सूट म्हणजे 2,900 च्या वर. मी म्हटलं, "शेठ, तुमचंच व्याज भरून निघेल एवढं घ्या, अर्धा टक्का." अर्ध्या टक्क्याचे 1,460 होत होते. ते हसले आणि "ठीक आहे" म्हणाले.

दोन अटी त्यांनी घातल्या. न विकलेला माल परत घेणार नाही, फक्त खराब निघालेला घेणार. हे मान्य केलं. दुसरी अट होती चार सही केलेले कोरे चेक पहिल्याच खेपेला द्यायचे. इथे मी थांबले. शेठवर अविश्वास नव्हता, पण कोरा चेक कोणाच्याही कपाटात असू नये. तो न वटता परत आला तर कलम 138 खाली नोटीस येऊ शकते, आणि रक्कम आपण लिहिलेलीच नसते. मी म्हटलं, "पहिले दोन तारीख-रकमेसकट आत्ता देते, उरलेले दोन शेवटच्या खेपेला, एकूण आकडा नक्की झाल्यावर." थोडा वेळ त्यांनी दिवाणजींकडे पाहिलं, मग तेही मान्य झालं.

19 एप्रिलला पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर या अटी लिहून दोघांनी सह्या केल्या. स्टँप पेपर वगैरे काही नाही. शेठ म्हणाले, "ही फक्त यंदापुरती." तेही लिहिलं.

खेपा आणि चेक

घरातलं चेकबुक संपत आलं होतं. नवं मागवलं तर पोस्टाने यायला सहा दिवस लागले. 26 एप्रिलच्या आदल्या दिवशी हातात पडलं. हे आधीच बघून ठेवा.

तीन बिलं झाली 92,000, 1,16,000 आणि 84,000 ची. एकूण 2,92,000. रोख हिस्सा 23,000, 29,000 आणि 21,000. बाकी 2,19,000. चेक केले 40,000, 60,000, 65,000 आणि 54,000 चे, सगळे अकाउंट पेयी, आणि चारही चेकचे क्रमांक, तारखा आणि रकमा पत्राच्या प्रतीवर लिहून दिवाणजींची सही घेतली.

मे महिन्यात दुकानात माल भरलेला आणि गिऱ्हाईक नाही, हे दरवर्षीचंच. फरक एवढा, की 26 मेला फोन वाजला तेव्हा छातीत धस्स झालं नाही.

23 जूनपासून रोज रात्री गल्ल्यातली ठरावीक रक्कम मी वेगळ्या खात्यात टाकत गेले, त्या खात्यातून चेक सोडून काहीच जात नव्हतं. पहिला चेक 30 जूनला लागला, दुसरा 7 जुलैला. दुसऱ्याच्या वेळी खात्यात आठ हजार शिल्लकही राहिले.

11 जुलै

मग पाऊस लागला. जुलैच्या त्या आठवड्यात दोन-तीन दिवस रस्त्यावर माणूस नव्हतं, गल्ला तिसऱ्या हिश्श्यावर आला. शुक्रवारी 11 ला रात्री हिशोब केला. सोमवारच्या 65,000 ला 11,000 कमी पडत होते. शनिवार-रविवार चांगले गेले तर जमलं असतं. गेल्या वर्षीची मी असते तर वाट बघितली असती.

शनिवारी सकाळी दहाला शेठना फोन केला. "सोमवारच्या चेकला दहा-अकरा हजार कमी पडतील असं दिसतं. सोमवारी 50,000 एनईएफटी करते, 15,000 शुक्रवारी 18 ला. तो चेक लावू नका." थोडं शांत राहून ते म्हणाले, "सांगितलं ते बरं केलं. पण 18 म्हणजे 18." मी व्हॉट्सअ‍ॅपवर हेच दोन ओळींत लिहून पाठवलं, म्हणजे दिवाणजींनाही कळेल.

सोमवारी सकाळी 50,000 पाठवले आणि दुपारी स्वतः जाऊन 65,000 चा चेक परत मागून घेतला. शेठ थांबले तरी चेक पेटीत असतो आणि बँकेत जाणारा मुलगा पेटी उघडून सगळे चेक घेऊन जातो. आपल्या हातात परत आल्याशिवाय तो चेक जिवंतच असतो. उरलेल्या 15,000 साठी त्यांनी नवा चेक मागितला, तो 18 तारखेचा दिला. प्रत्यक्षात मी 17 ला संध्याकाळीच पैसे पाठवले आणि 18 ला तो चेकही परत घेऊन आले.

21 चा 54,000 चा चेक 22 ला वटला. त्या दिवशी दिवाणजींकडून उतारा घेतला. सीझनची बाकी शून्य, अर्धा टक्का स्कीम जमा. पुढे 25 जुलैच्या नव्या बिलावर पूर्वीसारखेच 30 दिवस मिळाले.

माझ्याकडे साधारण 18,000 चा माल उरला आहे, बहुतेक चौरेघी वह्या आणि मोठ्या आकाराची कव्हरं. परत जाणार नाही हे माहीत होतं, तरी मागवताना हात सैल सुटला. पुढच्या वर्षी या दोन वस्तू तिसऱ्या खेपेत, यादी बघूनच.

शेठना विचारलं, पुढच्या सीझनला काय? ते म्हणाले, "पाडव्याच्या आधी यादी घेऊन या, ताई. अन् दुपारीच या." परत आणलेले दोन्ही चेक मी आडव्या रेघा मारून पत्राच्या प्रतीमागे टाचून ठेवले आहेत, त्याच फाइलीत.